तोंडी ऑफर दिली आणि उमेदवार गप्प झाला: नव्या रिक्रूटरने पुढे काय करायचं

फोनवर ऑफर दिली, पगाराचा आकडा सांगितला, समोरून "छान, मी कळवतो" असं उत्तर आलं. तुम्ही हायरिंग मॅनेजरला "झालंच समजा" असं सांगूनही टाकलंत. त्यानंतर मात्र मेसेजला उत्तर नाही, फोन उचलला जात नाही, आणि मॅनेजर रोज सकाळी विचारतोय, "काय झालं त्याचं?"

हा लेख तेवढ्याच टप्प्याबद्दल आहे: तोंडी ऑफर दिल्यापासून सहीचं पत्र हातात येईपर्यंत, किंवा ते येणार नाही हे नक्की होईपर्यंत. सही करून रुजू व्हायच्या दिवशी न येणाऱ्यांची गोष्ट वेगळी, ती इथे घेत नाही.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे. गप्प बसलेल्या उमेदवाराकडे बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट असते: न विचारलेली अडचण किंवा न सांगवणारा नकार. "निर्णय झाला का?" हा प्रश्न या दोन्हींना तोंड फोडत नाही. त्यामुळे आपला पाठपुरावा असा हवा की अडचण सांगणंही सोपं जावं आणि नाही म्हणणंही.

सुरू करण्याआधी हे समोर ठेवा

- ऑफरच्या फोनवेळी घेतलेली टिपणं. त्याने काय विचारलं ते शक्यतो त्याच्याच शब्दांत.
- मंजूर ऑफरचा तपशील: पद, पगाराची फोड, रुजू होण्याची तारीख, कामाचं ठिकाण, आणि यातलं काय बदलायला कोणाची मंजुरी लागते.
- उमेदवाराचा खासगी ईमेल आणि मोबाइल. ऑफिसचा ईमेल नको.
- दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराची ताजी स्थिती.
- हायरिंग मॅनेजरची येत्या 2-3 दिवसांतली 15 मिनिटं.

टिपणं घेतली नसतील तर आत्ता, आठवतंय तोवर, लिहून काढा. तिसऱ्या पायरीला ती लागणार आहेत.

1. वाट कोण कोणाची बघतंय, ते आधी ठरवा

पहिला मेसेज टाकायच्या आधी पाच मिनिटं आपल्याच बाजूची तपासणी करा. फोनवर शेवटी काय ठरलं होतं? "पत्र पाठवते, बघून सांगा" असं तुम्ही म्हणाला असाल आणि पत्र अजून मंजुरीत अडकलं असेल, तर उमेदवार गप्प नाहीये, तुमची वाट बघतोय. त्याच्या दृष्टीने गप्प तुम्ही आहात. हे वाटतं त्यापेक्षा खूपदा घडतं, कारण तोंडी ऑफर द्यायला एक फोन पुरतो, पण लेखी पत्रासाठी फायनान्स, एचआर आणि कधीकधी वरच्या साहेबांचीही सही लागते.

पत्र गेलं असेल तर ते पोचलं का, हे बघा. ई-साइनच्या प्लॅटफॉर्मवरून गेलेलं पत्र तुमच्या पत्त्यावरून जात नाही, त्या प्लॅटफॉर्मच्या पत्त्यावरून जातं, आणि सहज स्पॅममध्ये किंवा जाहिरातींच्या टॅबमध्ये जाऊन पडतं. अशा बहुतेक प्लॅटफॉर्मवर पत्र उघडलं गेलं की नाही हे पाठवणाऱ्याला दिसतं. उघडलंच नसेल तर साध्या ईमेलने "पत्र अमुक नावाने आलं असेल, स्पॅममध्ये बघा" एवढं कळवलं की काम होतं. उघडलंय पण सही नाही, तर त्यातलं एखादं कलम खटकलं असण्याची शक्यता जास्त: प्रोबेशनचा काळ, जॉइनिंग बोनस परत करण्याची अट, किंवा नोकरी सोडल्यावर स्पर्धक कंपनीत न जाण्याची अट. मग मेसेजमध्ये पत्राबद्दल शंका आहे का, असंच विचारायचं.

व्हॉट्सअ‍ॅपच्या टिक बघून फार निष्कर्ष काढू नका. निळी टिक नाही म्हणजे वाचलं नाही असं नसतं, अनेक जण ती सोय बंदच ठेवतात. एकच टिक बराच वेळ राहिली तर मेसेज पोचलेलाच नाही, फोन बंद असू शकतो. मग दुसऱ्या वाटेने, ईमेलने किंवा साध्या एसएमएसने, संपर्क करा.

2. तोंडी ऑफर लेखी करून टाका

औपचारिक पत्राला वेळ लागणार असेल तर ऑफरच्या दिवशीच एक साधा ईमेल जायला हवा. तो गेला नसेल तर आता पाठवा, उशीर झाला तरी चालेल. फोनवर माणूस आनंदात किंवा गडबडीत असतो, पगाराचा आकडा ऐकतो आणि बाकीचं अर्धं निसटतं. रात्री घरी कोणी विचारलं, "हातात किती येणार?" की त्याच्याकडे उत्तर नसतं. ते न विचारता तो बसून राहतो, कारण पैशाबद्दल पुन्हा फोन करणं त्याला हावरटपणाचं वाटतं.

ईमेल असा:

> नमस्कार,
> काल फोनवर बोललो त्याचा सारांश पाठवत आहे. पद: ____. वर्षाचा एकूण पगार: ____, त्यातला ठरावीक भाग ____ आणि कामगिरीवर अवलंबून असलेला भाग ____. रुजू होण्याची अपेक्षित तारीख: ____. तुमचे रिपोर्टिंग मॅनेजर: ____.
> औपचारिक पत्र ____ पर्यंत येईल. तोपर्यंत यातलं काही फोनवर ऐकलं त्यापेक्षा वेगळं वाटत असेल, किंवा एखादी गोष्ट जमणारी नसेल, तर मोकळेपणाने लिहा. तारीख, पगाराची फोड आणि कामाची पद्धत याबद्दल बोलता येईल.

शेवटचं वाक्य खरं असेल तरच ठेवा. पगाराच्या आकड्यात काहीच हलणार नसेल तर "बोलता येईल" म्हणून आशा लावू नका. आणि पत्राला मंजुरी मिळालेली नसेल तर हा ईमेल पाठवण्याआधी मंजुरी कुठवर आली ते विचारून घ्या. एकदा आकडा लेखी गेला की तो मागे घेणं अवघड होतं.

3. शेवटच्या फोनची टिपणं पुन्हा वाचा

ही पायरी लोक गाळतात आणि मग सगळ्या उमेदवारांना तोच एक मेसेज पाठवतात. गप्प बसण्याची कारणं वेगळी असतात, आणि त्यांची खूण बहुतेकदा आधीच्या बोलण्यात सापडते.

ज्याला यायचंय पण मध्ये काहीतरी अडतंय, तो ऑफरच्या फोनवर तपशिलात शिरलेला असतो. रुजू होण्याची तारीख, सुट्टीचे नियम, लॅपटॉप कधी मिळणार, टीममध्ये कोण कोण आहे. यातला एखादा प्रश्न त्याने दोनदा विचारला असेल तर तिथे खूण करा. माणूस एकच गोष्ट दोनदा विचारतो तेव्हा पहिल्या उत्तराने त्याचं समाधान झालेलं नसतं.

ज्याच्या हातात दुसरी ऑफर आहे किंवा येणार आहे, तो वेळेबद्दल विचारतो: "कधीपर्यंत सांगायचं?", "पत्र कधी मिळेल?" कामाबद्दल फारसं नाही. दुसरी ऑफर असणं यात गैर काही नाही. पण ते तुम्हाला माहीत असलं पाहिजे, आणि ते विचारायची योग्य वेळ ऑफरच्या आधीची, शेवटच्या मुलाखतीनंतरची. तेव्हा राहिलं असेल तर आता सरळ विचारा. बहुतेक जण खरं सांगतात.

तिसरा प्रकार सगळ्यात कठीण. फोनवर हो म्हणाला, आवाजात उत्साह होता, आणि त्यानंतर एकदम शांतता. इथे त्याने राजीनाम्याची गोष्ट काढली असण्याची आणि सध्याच्या साहेबांनी त्याला खोलीत बसवून पगारवाढ देऊ केली असण्याची शक्यता जास्त. काउंटर ऑफर बहुधा राजीनाम्यानंतरच्या एक-दोन दिवसांत येते, म्हणून तो राजीनामा कधी देणार होता ती तारीख टिपणात असणं फार उपयोगाचं. त्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशी केलेला फोन हा आठवड्यानंतरच्या चार फोनांपेक्षा कामाचा असतो.

आणि काही जणांच्या घरी खरंच काहीतरी घडलेलं असतं. ते खुणांवरून कळत नाही. म्हणून पहिल्या मेसेजचा सूर नेहमी असा ठेवा की समोरचा दवाखान्यात बसला असेल तरी तो वाचून त्याला वाईट वाटणार नाही.

4. पहिला मेसेज: एक प्रश्न, तीन वाटा

कधी पाठवायचा? उत्तराचा दिवस ठरला होता का, त्यावर अवलंबून. "सोमवारपर्यंत सांगतो" म्हणाला असेल तर मंगळवारी सकाळी, सोमवारी दुपारी नव्हे. काहीच ठरलं नसेल तर दोन कामाचे दिवस थांबा. शुक्रवारी संध्याकाळी ऑफर दिली तर शनिवार-रविवार मोजू नका. उमेदवार दुसऱ्या देशात असेल तर त्याच्या सुट्ट्या बघा, तुमच्या नव्हे.

"फक्त विचारपूस करत होते" किंवा "काही अपडेट?" असले मेसेज टाळा. त्यांना द्यायला उमेदवाराकडे उत्तरच नसतं, कारण त्याचा निर्णय झालेला नसतो आणि तुम्ही मागताय निर्णय. त्याऐवजी असं लिहा:

> नमस्कार, गुरुवारी आपलं ऑफरबद्दल बोलणं झालं होतं. तुम्ही सध्या कुठे आहात तेवढं कळलं तर मला इकडे त्याप्रमाणे सांगता येईल: (1) येण्याचा विचार आहे, पण एखादी गोष्ट अडते आहे, (2) अजून वेळ हवा आहे, (3) नाही म्हणायचं ठरवलं आहे. नुसता आकडा पाठवला तरी चालेल. तिसरं असेल तरी काही हरकत नाही, खरंच.

काहींना हे फॉर्म भरल्यासारखं वाटतं. वाटू दे. आकडा टाइप करायला दोन सेकंद लागतात, आणि नकार शब्दांत मांडायला ज्याची जीभ अडखळते तो "3" पाठवून मोकळा होतो. वरिष्ठ पदांसाठी आकडे काढून टाका आणि तेच तीन पर्याय एका वाक्यात लिहा. व्हाइस प्रेसिडेंटच्या पदावरच्या माणसाला "1, 2, 3" पाठवू नये.

टिपणांत खूण सापडली असेल तर तीन पर्यायही नकोत, थेट त्या खुणेवर बोला: "तारखेबद्दल तुम्ही विचारलं होतं, त्यात थोडं मागेपुढे करता येईल का हे मी बघू शकते. त्यावर बोलायचं का?"

5. फोन करा, पण हे बोलू नका

मेसेजला एक कामाचा दिवस उत्तर आलं नाही की फोन. ऑफिसची वेळ टाळा. तो सध्याच्या कंपनीत शेजारच्या खुर्चीवरच्या सहकाऱ्यासमोर तुमच्याशी बोलू शकत नाही, आणि फोन कट करण्याचं तेच सर्वांत साधं कारण असतं. सकाळी कामाला निघण्याआधी किंवा संध्याकाळी निघाल्यावर करा. आधी "साडेसहाला पाच मिनिटं बोलता येईल का?" असा मेसेज टाकला तर फोन उचलला जाण्याची शक्यता वाढते.

फोन दुसऱ्या कोणी उचलला तर फक्त नाव सांगा आणि "पुन्हा फोन करते" म्हणा. नोकरी, ऑफर, पगार, कंपनीचं नाव, काहीही नाही. घरच्यांना त्याने सांगितलेलं नसू शकतं. व्हॉइस मेलवरही तेच: नाव, नंबर, आणि "तुमच्या सोयीने फोन करा".

सध्याच्या ऑफिसच्या नंबरवर फोन करणं, ऑफिसच्या ईमेलवर लिहिणं, त्याच्या सहकाऱ्याकडे चौकशी करणं हे कधीच नाही. तो नोकरी शोधतोय हे त्यातून उघड झालं तर त्याची आत्ताची नोकरीही धोक्यात येते. तसंच, त्याने रेफरन्स म्हणून दिलेल्या माणसाला "तो फोन का उचलत नाही हो?" असं विचारू नका. तो नंबर त्या कामासाठी दिलेला नव्हता.

दिवसाला एक प्रयत्न पुरे. सलग चार मिस्ड कॉल बघून कोणाचाही निर्णय तुमच्या बाजूने झुकत नाही.

6. मॅनेजरला मध्ये आणा, पण आधी तयारी करून

फोनही गेला आणि उत्तर नाही, तर तिसरा आवाज हायरिंग मॅनेजरचा हवा. रिक्रूटरकडून आलेला मेसेज उमेदवाराला पाठपुरावा वाटतो. ज्याच्या हाताखाली काम करायचंय त्याच्याकडून आलेला मेसेज निमंत्रण वाटतो. पण मॅनेजरला नुसतं "तुम्ही जरा बघा ना" म्हणून सोडू नका. तो एकतर पगारावर घासाघीस सुरू करेल किंवा "आम्ही थांबलोय तुमच्यासाठी" असं म्हणून दडपण आणेल.

मॅनेजरला तीन गोष्टी सांगा: उमेदवाराने मुलाखतीत कशात रस दाखवला होता, टिपणांत कोणती खूण आहे, आणि त्याने कशाबद्दल बोलायचं नाही (पगार). बाकी मेसेज त्याला त्याच्याच भाषेत लिहू द्या. तुम्ही घोटून गुळगुळीत केलेला मेसेज उमेदवाराला लगेच ओळखू येतो.

आमच्या टीममधल्या एका सहकाऱ्याकडची केस इथे सांगण्यासारखी आहे. सीनियर टेस्ट इंजिनीअरचं पद. गुरुवारी संध्याकाळी तोंडी ऑफर दिली, उमेदवार म्हणाला, "ऐकून बरं वाटलं, एक-दोन दिवसांत कळवतो." शुक्रवारी सारांशाचा ईमेल गेला. मंगळवारी सकाळी मेसेज गेला: "निर्णय झाला का?" वाचला गेला, उत्तर नाही. बुधवारी संध्याकाळी फोन, उचलला नाही. मॅनेजर वैतागला, "सोडा त्याला, दुसऱ्याला द्या."

सहकाऱ्याने टिपणं काढली. त्यात दोन ठिकाणी जवळपास एकच प्रश्न होता. एकदा: "30 दिवसांत यावं लागेल का?" आणि शेवटी निघताना: "तारीख अगदी पक्की आहे ना?" दोन्ही वेळा उत्तर दिलं गेलं होतं, "हो, प्रोजेक्ट तेव्हाच सुरू होतोय." मॅनेजरने गुरुवारी त्याला स्वतःच्या शब्दांत लिहिलं: तारीख अवघड जात असेल तर किती अवघड ते सांग, पहिले दोन आठवडे तसेही सेटअपमध्येच जाणार आहेत, तेवढं मी सांभाळून घेऊ शकतो.

त्याच रात्री लांबलचक उत्तर आलं. सध्याच्या कंपनीने वर्षाच्या सुरुवातीला त्याला रिटेन्शन बोनस दिला होता. ठरलेल्या तारखेआधी नोकरी सोडली तर तो पूर्ण परत करावा लागणार होता, आणि ती तारीख सहा आठवड्यांवर होती. नोटीस पीरियड 30 दिवसांचाच, म्हणून मुलाखतीत त्याने "30 दिवसांत येतो" असं सांगून टाकलं होतं. बोनसचं कलम त्याला ऑफरनंतर, राजीनामा लिहायला बसल्यावर आठवलं. आपणच दिलेला शब्द फिरवायचा कसा, म्हणून तो गप्प. हो म्हणता येईना आणि नाही म्हणायचं नव्हतं. "निर्णय झाला का?" या प्रश्नाला त्याच्याकडे खरंच उत्तर नव्हतं.

रुजू होण्याची तारीख दोन आठवडे पुढे गेली, नव्या तारखेचं पत्र निघालं, सही आली. बोनसची रक्कम आपल्या कंपनीने भरून देण्याचाही पर्याय होता. पण त्यासाठी वेगळी मंजुरी लागली असती, आणि दोन आठवडे थांबणं त्यापेक्षा स्वस्त पडलं. प्रोजेक्टची तारीख खरोखर हलणारी नसती, तर मात्र याच केसमध्ये उत्तर वेगळं आलं असतं आणि तेही योग्यच ठरलं असतं.

7. तारीख द्या

मॅनेजरच्या मेसेजलाही उत्तर नाही, तर आता वाट बघण्याची हद्द लेखी सांगायची. हा ईमेल आणि मेसेज दोन्ही करा, म्हणजे "मला मिळालंच नाही" हा प्रश्न उरत नाही.

> नमस्कार, आपला संपर्क होत नाहीये, सगळं ठीक असेल अशी आशा आहे. ही जागा आम्ही तुमच्यासाठी ____ (वार, तारीख) संध्याकाळी 5 पर्यंत राखून ठेवत आहोत. तोपर्यंत हो, नाही किंवा "आणखी वेळ हवा" यापैकी काहीही कळवलंत तरी पुरे. काही कळलं नाही तर ही ऑफर पुढे न्यायची नाही असं समजून आम्ही इतर उमेदवारांशी बोलणं सुरू करू.

दोन ते तीन कामाचे दिवस द्या. 24 तासांची मुदत देऊन धमकावू नका, त्याने अडचणीतला चांगला उमेदवार हातचा जातो आणि ज्याला यायचं नव्हतं तो तसाही येत नाही. वार आणि वेळ दोन्ही लिहा, कारण "आठवड्याच्या शेवटी" म्हणजे शुक्रवार की रविवार हे प्रत्येकाचं वेगळं असतं.

इथे एक मोठा खड्डा आहे. उमेदवाराने आधी तोंडी "हो" म्हटलं होतं का? तसं असेल तर हा ईमेल पाठवण्याआधी एचआर किंवा कायद्याचं बघणाऱ्या माणसाशी बोला. बऱ्याच देशांत तोंडी ऑफर आणि तोंडी होकार यांनाही कराराचं वजन येऊ शकतं, आणि तुमच्या शब्दावर विसंबून त्याने राजीनामा दिलेला असेल तर प्रकरण आणखी गंभीर होतं. अशा वेळी "ऑफर रद्द समजू" हे वाक्य तुमच्या मनाने लिहायचं नाही. "विचार करून सांगतो" म्हणालेला उमेदवार आणि "हो, येतो" म्हणालेला उमेदवार, दोघेही गप्प असले तरी कागदावर एकसारखे नसतात.

8. दुसऱ्या उमेदवाराशी खरं बोला

हे सातव्या पायरीनंतर करायचं नाही, पहिल्या दिवसापासून करत राहायचं. सहीचं पत्र येईपर्यंत दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला नकार कळवू नका. पण त्याला खोटंही सांगू नका. "तुम्ही अजून विचारात आहात, या आठवड्यात पक्कं सांगते" हे खरं आहे आणि पुरेसं आहे. "मॅनेजर रजेवर आहेत" वगैरे कारणं काढलीत तर तीच लक्षात ठेवावी लागतात.

एका जागेसाठी दोघांना ऑफर देऊन बघणं, जो आधी हो म्हणेल तो, हा सल्ला तुम्हाला कोणीतरी कधीतरी देईलच. ऐकू नका. दोघेही हो म्हणाले तर एकाला दिलेला शब्द मोडावा लागतो, आणि कदाचित तोवर त्याने राजीनामा दिलेला असतो. पहिल्या उमेदवाराची मुदत संपल्यावरच दुसऱ्याला ऑफर द्या. त्याने विचारलं, "मी दुसरी पसंती होतो का?" तर टाळाटाळ न करता सांगा की आधी एकाशी बोलणं चालू होतं, ते जमलं नाही. हे ऐकूनही माणसं येतात.

9. फाइल बंद करा आणि नोंद ठेवा

मुदत संपली, उत्तर नाही. आता शेवटचा, दोन ओळींचा मेसेज: जागा दुसऱ्या उमेदवारासाठी खुली केली आहे, तुम्हाला शुभेच्छा, पुढे कधी बोलावंसं वाटलं तर हा माझा नंबर. टोमणा नाही, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती" नाही. त्यानंतर तुमच्याकडून एकही मेसेज जाणार नाही.

एटीएसमध्ये, म्हणजे उमेदवारांच्या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, घडलेलं लिहा, अंदाज लिहू नका. "ऑफर तोंडी, तारीख अमुक. सारांश ईमेल अमुक. संपर्काचे प्रयत्न: अमुक तारखांना, अमुक मार्गाने. मुदत अमुक, उत्तर नाही" एवढं पुरे. "बेजबाबदार", "पुन्हा घेऊ नका" असले शेरे टाळा. उमेदवाराला आपली माहिती मागवण्याचा कायदेशीर हक्क अनेक ठिकाणी असतो, आणि तो शेरा उद्या त्याच्याच हातात पडू शकतो. शिवाय दोन वर्षांनी त्याचा अर्ज वाचणाऱ्याला तारखा उपयोगी पडतात, तुमचा त्या दिवशीचा राग नाही.

मॅनेजरलाही त्याच दिवशी कळवा, आणि पहिली सुधारणा तिथेच करा: यापुढे सही येईपर्यंत "झालंच समजा" हे शब्द त्याच्यापर्यंत जाऊ द्यायचे नाहीत.

10. आणि तो परत आला तर

कधीकधी मुदत संपून आठवडा झाल्यावर मेसेज येतो: "सॉरी, मध्ये खूप गडबड होती, ऑफर अजून आहे का?" लगेच हो किंवा नाही म्हणू नका. फोनवर बोला आणि एकच विचारा: मधल्या काळात काय घडलं, आणि आता काय बदललंय?

घरी आजारपण होतं, फोन बंद होता, असं काही असेल आणि जागा खाली असेल तर पुढे जायला हरकत नाही. दुसऱ्या कंपनीची ऑफर फिसकटली म्हणून आला असेल तर तेही गुन्हा नाही, पण मॅनेजरला ते माहीत असलं पाहिजे, निर्णय त्याने घ्यावा. काउंटर ऑफर घेऊन थांबला होता आणि आता पुन्हा यायचंय म्हणत असेल, तर विचारा की ज्या कारणासाठी तो पहिल्यांदा नोकरी सोडणार होता ते कारण काय होतं, आणि पगारवाढीने ते सुटलं का. उत्तर गोलमोल आलं तर नवी काउंटर ऑफर आली की तो पुन्हा थांबेल, असं धरून चाला.

जागा भरली असेल तर ते सरळ सांगा. दुसऱ्या उमेदवाराची सही झाल्यावर त्याला बाजूला करून जुन्याला आत घ्यायचं, असा प्रस्ताव मॅनेजरकडून आला तर ठामपणे नाही म्हणा. दुसऱ्या एखाद्या जागेसाठी जुना उमेदवार बसत असेल तर प्रक्रिया तिथून नव्याने सुरू होते, आणि यावेळी पहिल्याच फोनवर विचारून घ्या: तुमच्या सध्याच्या पत्रात परत करावी लागणारी रक्कम, बाँड किंवा तारखेची अट आहे का?